कुणाची ओळ खोडली?

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक बुडाली. तिच्यावरच्या ८९१ प्रवाशांचा एक तक्ता आज जगभरच्या डेटा सायन्सच्या वर्गांत सरावासाठी वापरला जातो, आणि पुण्या-मुंबईतले वर्गही त्याला अपवाद नाहीत. एका ओळीत एक प्रवासी. त्याचं नाव, वय, वर्ग, तिकिटाचा क्रमांक, भाडं, केबिन, कोणत्या बंदरावर चढला आणि शेवटी वाचला की नाही, अशी माहिती ओळीने मांडलेली असते. प्रश्नही ठरलेला असतो. कोण वाचलं, आणि का?

तक्ता उघडला की लक्षात येतं, की तो पुरता भरलेला नाही. १७७ जणांच्या वयाची जागा रिकामी आहे. केबिनचा रकाना तर ६८७ ओळींत कोराच आहे, आणि दोघींच्या नावापुढे बंदर लिहिलेलं नाही. मग नवशिका विद्यार्थी सर्वांत सोपं वाटतं ते करतो. जिथे एक जरी जागा रिकामी असेल, ती अख्खी ओळच तो काढून टाकतो. संगणकाला त्यासाठी `dropna()` एवढी एकच आज्ञा पुरते. संख्याशास्त्रात या पद्धतीला ‘लिस्टवाइज डिलीशन’ म्हणतात. आपण तिला ओळ वगळणं म्हणू.

आज्ञा दिल्यावर ८९१ पैकी १८३ ओळी उरतात. पण खरा धक्का पुढे आहे. मूळ तक्त्यात वाचलेल्यांचं प्रमाण ३८.४ टक्के होतं, उरलेल्या १८३ ओळींत ते ६७.२ टक्के होतं. म्हणजे दर पाच प्रवाशांपैकी तीन बुडाले होते, आणि आता तक्ता सांगतोय, की तिघांपैकी दोघं वाचले. एकही आकडा कुणी बदललेला नाही. फक्त अपुऱ्या ओळी काढल्या.

उरले कोण?

हे कसं झालं ते उरलेल्या ओळींकडे पाहिलं की कळतं. त्या १८३ पैकी १५८ प्रवासी पहिल्या वर्गाचे आहेत, १५ दुसऱ्या आणि फक्त १० तिसऱ्या वर्गाचे. मूळ तक्त्यात मात्र तिसऱ्या वर्गाचे ४९१ जण होते, निम्म्याहून जास्त. त्यांतले ४८१ नुसत्या साफसफाईत गेले.

गाळणी लागली ती केबिनच्या रकान्यामुळे. पहिल्या वर्गाच्या बऱ्याच केबिनचे क्रमांक आपल्याला माहीत आहेत, कारण हर्बर्ट केव्ह नावाच्या एका स्टुअर्डच्या मृतदेहाबरोबर पहिल्या वर्गाची एक अपुरी यादी सापडली होती. तिसऱ्या वर्गाची अशी यादी हाती लागली नाही, त्यामुळे तिथल्या जेमतेम १२ जणांची केबिन नोंदलेली आहे. केबिनवाल्या ओळी ठेवायच्या, याचा प्रत्यक्षातला अर्थ श्रीमंतांच्या ओळी ठेवायच्या असा झाला. आणि श्रीमंतांना होड्यांत जागा मिळण्याची शक्यता जास्त होती.

ओळ वगळण्याबद्दल बोलताना बहुतेक जण ‘किती ओळी गेल्या’ एवढंच मोजतात. पाच टक्के गेल्या तर चालेल, तीस टक्के गेल्या तर नको, असे ठोकताळेही सांगितले जातात. पण खरा प्रश्न किती गेल्या यापेक्षा कुणाच्या गेल्या हा आहे. गेलेले लोक उरलेल्यांसारखेच असतील तर निम्म्या ओळी गेल्या तरी उत्तर वाकडं होत नाही, फक्त त्याची अचूकता कमी होते. ते वेगळे असतील, तर थोड्या ओळी जाऊनही उत्तर फिरू शकतं.

जागा रिकामी का राहिली?

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली एका निबंधात या प्रश्नाची नीट मांडणी केली. त्यांच्या विचारातून पुढे रिकाम्या जागांचे तीन प्रकार रूढ झाले. पहिल्या प्रकारात जागा निव्वळ योगायोगाने रिकामी राहते, जसं नोंदवहीचं एखादं पान भिजलं. दुसऱ्यात रिकामं राहण्याचं कारण तक्त्यातल्याच इतर रकान्यांत सापडतं. तिसऱ्यात जी किंमत लपली आहे तीच लपण्याचं कारण असते. उत्पन्नाच्या पाहणीत सर्वांत जास्त कमावणारेच उत्पन्न सांगायचं टाळतात, तेव्हा हा तिसरा प्रकार घडतो.

आता केबिनचा रकाना बाजूला ठेवू आणि वयाकडे पाहू. वय माहीत असलेले ७१४ जण आहेत आणि त्यांतले ४०.६ टक्के वाचले. वय माहीत नसलेल्या १७७ जणांपैकी २९.४ टक्केच वाचले. पहिला विचार असा येतो, की वाचलेल्यांनी आपलं वय सांगितलं, बुडालेल्यांचं कोण सांगणार? तर्क पटण्यासारखा आहे, पण एवढ्यावर थांबू नये. तक्ता वर्गावर्गाने मांडून पाहावा.

तिसऱ्या वर्गात वय नोंदलेले ३५५ आणि न नोंदलेले १३६ प्रवासी आहेत. पहिल्या गटातले २३.९ टक्के वाचले, दुसऱ्यातले २५ टक्के. फरक जवळजवळ नाहीच. म्हणजे एकूण तक्त्यात जी अकरा टक्क्यांची दरी दिसत होती, तिचा मोठा भाग वर्गामुळे होता. वय न नोंदलेले लोक प्रामुख्याने तिसऱ्या वर्गाचे, आणि तिसऱ्या वर्गात वाचणारेच कमी. हा दुसऱ्या प्रकाराच्या बराच जवळ जाणारा नमुना आहे, कारण वर्ग लक्षात घेतला की रिकाम्या जागेचं गूढ बरंचसं सुटतं.

पूर्ण मात्र सुटत नाही. पहिल्या वर्गात वय नोंदलेल्यांपैकी ६५.६ टक्के वाचले, न नोंदलेल्या ३० जणांपैकी १४, म्हणजे ४६.७ टक्के. माणसं थोडी आहेत, त्यामुळे या फरकावर फार भार टाकता येत नाही; पण वाचलेल्यांची वयं जास्त नोंदली गेली ही शंका इथे शिल्लक राहते. एकाच रकान्यातल्या जागा वेगवेगळ्या कारणांनी रिकाम्या राहिलेल्या असू शकतात, ते असं.

या तपासणीतून एक कामाची गोष्ट हाती लागते. मला फक्त तिसऱ्या वर्गात वयाचा आणि वाचण्याचा संबंध पाहायचा असेल, तर वय नसलेल्या ओळी वगळून मी फारसं काही बिघडवणार नाही. पण साऱ्या जहाजाचं वाचण्याचं प्रमाण सांगायचं असेल, तर त्याच ओळी वगळणं चूक ठरेल. ओळ वगळणं बरोबर की चूक हे तक्ता ठरवत नाही, आपण त्याला विचारलेला प्रश्न ठरवतो.

सरासरी भरली की काय होतं?

ओळी वगळायच्या नसतील तर रिकाम्या जागी काहीतरी लिहावं लागतं. अंदाजाने जागा भरण्याच्या या कामाला ‘इम्प्युटेशन’ म्हणतात. त्यातली सर्वांत प्रचलित आणि सर्वांत आळशी रीत म्हणजे सगळीकडे सरासरी भरणं. नोंदलेल्या वयांची सरासरी २९.७ वर्षं येते, म्हणून १७७ जागी २९.७ लिहायचं.

यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली सहज दिसते. त्या काळी इंग्रजीत लहान मुलग्यांच्या नावाआधी ‘मास्टर’ लिहीत. तक्त्यात असे ४० मास्टर आहेत. त्यांतल्या ३६ जणांचं वय माहीत आहे आणि त्यांची सरासरी साडेचार वर्षांच्या आसपास आहे. उरलेल्या चौघांचं वय नोंदलेलं नाही. सरसकट सरासरी भरली, की ही चार पोरं एका क्षणात तिशीला टेकलेले बाप्ये होतात. ‘आधी बायका आणि मुलं’ हा नियम त्या रात्री कितपत पाळला गेला, हे ज्या तक्त्यावरून तपासायचं, त्यातूनच मुलं नाहीशी होतात.

दुसरा बिघाड डोळ्यांना दिसत नाही. नोंदलेल्या वयांचा पसारा, म्हणजे सरासरीपासून वयं साधारण किती दूर विखुरली आहेत याचं माप, १४.५ वर्षं आहे. १७७ जागी एकच आकडा भरल्यावर ते १३ वर येतं. साहजिकच आहे, तक्त्याचा पाचवा हिस्सा एकाच वयाचा झाला. परिणाम असा, की सरासरी वयाच्या अंदाजात चूक किती असू शकेल हे काढलं, तर ७१४ ओळींवरून ती ०.५४ वर्षं येते आणि सरासरी भरलेल्या ८९१ ओळींवरून ०.४४. नवीन माहितीचा कणही मिळालेला नाही आणि आपला आत्मविश्वास मात्र वाढला. संगणकाच्या लेखी ते १७७ अंदाज आता खऱ्या नोंदींच्या पंक्तीला बसले आहेत.

मूळ तक्ता बनवणारे या बाबतीत जास्त सावध होते. ज्यांचं वय त्यांनी अंदाजाने लिहिलं, तिथे त्यांनी आकड्याला अर्धा जोडला, जसं २८.५ किंवा ४०.५. वाचणाऱ्याला कळावं, की हे मोजलेलं नाही, अदमासे आहे. सरासरी भरणारा ही खूणही ठेवत नाही.

अंदाज एक नको, अनेक हवेत

चांगली भरणी दोन पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीत अंदाज माणसागणिक बांधायचा. पहिल्या वर्गाचं सरासरी वय ३८, दुसऱ्याचं ३० आणि तिसऱ्याचं २५ आहे, म्हणून वर्ग पाहायचा. नावाआधीचं ‘मास्टर’, ‘मिस’, ‘मिसेस’ पाहायचं. सोबत कोण होतं ते पाहायचं. नवख्यांना पटत नाही अशी एक गोष्टही लागते. प्रवासी वाचला की नाही, हा रकानासुद्धा अंदाज बांधताना वापरायचा. तो वगळला, तर भरलेल्या वयांचा आणि वाचण्याचा काहीच संबंध नसल्यासारखं होतं आणि खरा संबंध पातळ पडतो.

दुसरी पायरी रुबिन यांनी सुचवली आणि १९८७ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. एकाच जागी एकच आकडा न भरता सगळा तक्ता अनेकदा भरायचा. तिसऱ्या वर्गातल्या एखाद्या ‘मिस’चं वय नसेल, तर तिच्यासारख्या ज्या मुलींची वयं माहीत आहेत त्यांच्यातून एक वय चिठ्ठी काढल्यासारखं उचलायचं. पुढच्या तक्त्यात पुन्हा उचलायचं. असे पाच, वीस, हवे तितके पूर्ण तक्ते तयार होतात. प्रत्येकावर तेच विश्लेषण करायचं आणि उत्तरांची सरासरी घ्यायची. याला ‘मल्टिपल इम्प्युटेशन’ म्हणतात.

खरी गंमत उत्तरांच्या फरकात आहे. समजा पाच तक्त्यांवरून सरासरी वय २९.१, २९.४, २९.०, २९.५ आणि २९.३ आलं. हे पाच आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. उत्तर झालं २९.२६. पण पाचही उत्तरं सारखी नाहीत, आणि हा विखुरलेपणा म्हणजेच आपल्या अज्ञानाचं माप. रुबिन यांच्या सूत्राने तो शेवटच्या चुकीत मिळवला, की अशा आकड्यांवरून ती सुमारे ०.५४ वर्षं येते. सरासरी भरून मिळालेली ०.४४ ची शेखी इथे उतरते. भरणीने आपल्याला सगळ्या ८९१ जणांबद्दल बोलू दिलं, पण नसलेली माहिती असल्याचा आव आणू दिला नाही.

याही पद्धतीला मर्यादा आहे. पहिल्या वर्गातली ती शंका खरी असेल, म्हणजे वय न नोंदलं जाण्याचं कारण तक्त्यात कुठेच नसेल, तर कितीही तक्ते भरले तरी ते कारण सापडणार नाही. अशा वेळी भरलेली वयं मुद्दाम पाच वर्षांनी वाढवून आणि मग घटवून निष्कर्ष टिकतो का, ते पाहतात. टिकला तर ठीक. नाही टिकला, तर निष्कर्ष सांगताना तसं सांगावं लागतं. आणि केबिनसारखा रकाना, जिथे चारांपैकी तीन जागा रिकाम्या आहेत, तो भरायच्या भानगडीत न पडता विश्लेषणातूनच वगळलेला बरा. रकाना गेला तर एक प्रश्न जातो. त्याच्यापायी ओळी गेल्या तर माणसं जातात.

बंदर न लिहिलेल्या त्या दोघींचं काय झालं, तेही सांगण्यासारखं आहे. त्या म्हणजे पहिल्या वर्गातल्या मार्था स्टोन आणि त्यांची मदतनीस अमेली इकार्ड. त्यांच्या नावापुढे ८० पौंड भाडं आहे. हुशार विद्यार्थी भाड्यावरून अंदाज बांधतात, की पहिल्या वर्गाचं असं भाडं फ्रान्समधल्या शेर्बुर बंदराशी जुळतं. दोघी प्रत्यक्षात साउथॅम्प्टनला चढल्या होत्या, आणि ते प्रवाशांच्या चरित्रनोंदींत लिहिलेलं आहे. रिकामी जागा भरायचा सर्वांत चांगला उपाय शोध घेणं हाच असतो. अंदाज त्यानंतर.

टोकाचे आकडे

रिकाम्या जागांइतकाच त्रास टोकाच्या आकड्यांचा असतो. सगळ्यांपासून फटकून असलेल्या या आकड्यांना ‘आउटलायर’ म्हणतात. ते ओळखायची सोपी रीत अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांची. आकडे चढत्या क्रमाने लावायचे, मधल्या निम्म्या आकड्यांची रुंदी काढायची आणि तिच्या दीडपट अंतरावर दोन्ही बाजूंना कुंपण घालायचं. वयाच्या बाबतीत वरचं कुंपण ६४.८ वर्षांवर येतं आणि ११ प्रवासी त्याच्या पलीकडे जातात.

त्या अकरांतला सर्वांत थोरला ८० वर्षांचा आहे, अल्जर्नन बार्कवर्थ. त्याच्या खालोखाल ७४ वर्षांचा योहान स्वेन्सन, तिसऱ्या वर्गाचा प्रवासी. स्वेन्सनचं वय खरं आहे. बार्कवर्थचं चुकलेलं आहे. तो १८६४ साली जन्मला, म्हणजे जहाजावर ४७ वर्षांचा होता. ८० हे त्याचं मरतानाचं वय, तो १९४५ मध्ये वारला. कुणीतरी नोंदवताना एकाच्या जागी दुसरं वय लिहिलं. आणि या अकरा जणांत वाचलेला तो एकटाच. म्हणजे एका चुकीच्या आकड्यावरून तक्ता सांगतो, की अतिवृद्ध प्रवासीही वाचू शकले. दुरुस्ती केली तर या तक्त्यातला पासष्टीच्या पुढचा एकही प्रवासी वाचलेला नाही.

कुंपणाबाहेर आहेत म्हणून अकराही ओळी छाटल्या असत्या, तर चुकीच्या एका वयाबरोबर दहा जणांचे मृत्यूही गेले असते. आणि चूक तशी कुंपणाच्या आतही राहू शकते. बार्कवर्थचं वय चुकून ६० लिहिलं गेलं असतं, तर कुणालाच संशय आला नसता.

भाड्याच्या रकान्यात कुंपण ६५.६ पौंडांवर येतं आणि ११६ ओळी बाहेर जातात. त्यांतले बहुतेक पहिल्या वर्गाचे, म्हणजे ‘साफसफाई’ केली तर जवळपास निम्मा पहिला वर्गच जातो. सर्वांत मोठं भाडं ५१२ पौंड, तीन ओळींत. आकडा खरा आहे, पण ते एका माणसाचं भाडं नाही. फिलाडेल्फियाच्या कार्डेझा मायलेकांचं आणि त्यांच्या दोन नोकरांचं ते मिळून एक तिकीट होतं, आणि तक्त्यात पूर्ण रक्कम प्रत्येकाच्या नावापुढे लिहिली आहे. माणशी १२८ पौंड झाले.

हाच दोष दुसऱ्या टोकाला सेज कुटुंबात दिसतो. आईवडील आणि नऊ मुलं, तिसरा वर्ग, एक तिकीट, भाडं साडेएकोणसत्तर पौंड. माणशी सव्वासहा पौंडसुद्धा जेमतेम पडतात, तरी कुंपणाच्या हिशेबात हे गरीब कुटुंब फार महागडे प्रवासी ठरतं. या तक्त्यात त्यांच्यातले सात जण आहेत आणि सातही जणांच्या वयाची जागा रिकामी आहे. वय नाही म्हणून ओळी वगळा किंवा भाडं टोकाचं म्हणून छाटा, दोन्ही वाटांनी सेज कुटुंब तक्त्याबाहेर जातं. अकरांपैकी कुणीच वाचलं नव्हतं.

शून्य भाड्याच्याही १५ ओळी आहेत. शून्य पाहिलं की ती रिकामी जागा समजून भरण्याचा मोह होतो. पण त्यांत टायटॅनिकचा आराखडा करणारा टॉमस अँड्र्यूज आहे, जहाज बांधणाऱ्या कंपनीने पाहणीसाठी पाठवलेली माणसं आहेत. त्यांनी तिकीट काढलंच नव्हतं. इथे शून्य म्हणजे शून्यच.

तेव्हा एखाद्या पाहणीचा निष्कर्ष वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात. सुरुवातीला ओळी किती होत्या आणि शेवटी किती उरल्या? गळलेले लोक वयाने, पैशाने, गावाने उरलेल्यांसारखेच होते का? आणि भरलेल्या जागांवर अंदाजाची खूण आहे का? जागा भरणारा निदान सांगतो, की इथे मी अंदाज केला. ओळ वगळणाराही अंदाजच करत असतो, की गेलेले उरलेल्यांसारखेच होते. फक्त तो अंदाज कुठे लिहिलेला नसतो. अहवालात पहिल्या प्रश्नाचंच उत्तर नसेल, तर टक्केवारी दशांश चिन्हापर्यंत दिलेली असली तरी ती कुणाबद्दल आहे हे आपल्याला कळलेलं नसतं.